आढाव्यातलं ‘नमूद केले आहे’ काढलं तरी परत येतं, त्याचं काय करावं?

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. पूर्वसाहित्याच्या आढाव्याचं प्रकरण मार्गदर्शकांकडून परत येतं, समासात ‘पुनरुक्ती टाळा’ असं लिहिलेलं असतं आणि ‘नमूद केले आहे’ जिथे जिथे आलंय तिथे खाली रेघ मारलेली असते. विद्यार्थी शब्द बदलून प्रकरण पुन्हा देतो. महिन्याभराने ते पुन्हा परत येतं, आणि आता समासातला शेरा वेगळा असतो: ‘हे त्यांनी खरोखर सिद्ध केले आहे का?’

मी बडोद्यात राहते आणि बरीच वर्षं मराठी आणि इंग्रजी प्रबंधांची मुद्रितं तपासते आहे. गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारात राहणारी एक विद्यार्थिनी असंच एक प्रकरण घेऊन आली. पानं अकरा, आणि त्यात ‘नमूद’ अडतीस वेळा. “मावशी, मागच्या वेळी मी एकूण एक बदलले होते. नवीन भाग लिहिला तर पुन्हा तेच आले,” ती म्हणाली. तिचा विषय होता मराठीचे आद्य शिलालेख. हा विषय या दुखण्यासाठी फार चांगला आहे, कारण त्यात एका शब्दाने शे-सव्वाशे वर्षं इकडची तिकडे होतात. म्हणून पुढची सगळी उदाहरणं तिच्याच प्रकरणातली घेते. अभ्यासकांची नावं मुद्दाम काढून त्या जागी अ, ब, क, ड ठेवली आहेत, कारण इथे प्रश्न त्यांच्या क्रियापदांचा आहे.

आधी केलेला उपाय का फसला

पहिल्या फेरीत तिने जे केलं होतं ते सगळेच करतात. वहीच्या मागच्या पानावर यादी केली: नोंदवले, सांगितले, म्हटले, निरीक्षण केले, प्रतिपादन केले, दावा केला, स्पष्ट केले, दाखवून दिले, सिद्ध केले. मग एकामागून एक शब्द वाटत गेली. पहिल्या वाक्याला ‘नोंदवले’, दुसऱ्याला ‘प्रतिपादन केले’, तिसऱ्याला ‘दाखवून दिले’. कानाला प्रकरण बरं वाटायला लागलं. अर्थाने मात्र ते आधीपेक्षा बिघडलं.

‘नमूद केले’ कंटाळवाणं असलं तरी खोटं बोलत नाही. अमुक गोष्ट अमुक ठिकाणी लिहिलेली आहे, एवढंच ते सांगतं. ‘सिद्ध केले’ त्याहून कितीतरी जास्त सांगतं. ज्या अभ्यासकाने ‘असावा’ म्हटलं होतं त्याच्या तोंडी आपण ‘आहे’ घालतो, आणि वर ते आपल्यालाही मान्य असल्याची सही करतो. ज्याने साधी नोंद केली त्याच्यावर ‘दावा केला’ लिहून आपण विनाकारण संशय घेतो. दुसऱ्या फेरीतला तो शेरा इथून आला होता. हे शब्द एकमेकांचे समानार्थी नाहीत, म्हणून त्यांची अदलाबदल करता येत नाही.

‘नमूद’ एवढं हाताशी का येतं

‘नमूद’ हा मूळचा फारसी शब्द, आणि मराठीत तो रुळला कचेरीतून. ‘वर नमूद केल्याप्रमाणे’, ‘पंचनाम्यात नमूद केलेला मुद्देमाल’, ‘अर्जात नमूद केलेला पत्ता’. कचेरीला एवढंच हवं असतं की ती बाब कागदावर आहे. लिहिणाऱ्याला ती पटते का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. आढाव्यात नेमका तोच प्रश्न असतो.

आम्हा बडोदेकरांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. इथल्या विद्यार्थ्यांचे बरेचसे संदर्भ गुजरातीत असतात, आणि गुजराती लेखनात ‘जणाव्युं छे’ पानोपानी भेटतं. कळवलं, सांगितलं, मांडलं, म्हटलं, सगळ्याला ते चालतं. टिपण घेताना त्याचं मराठी आपोआप ‘नमूद केले आहे’ होतं. इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांच्या हातून त्याच वाटेने ‘मेन्शन्ड’ उतरतं.

पण खरं कारण भाषेच्याही आधीचं आहे. त्या मुलीची टिपणाची कार्डं मी मागून घेतली. प्रत्येक कार्डावर मजकूर होता, पानाचा आकडा होता, लेखकाचं नाव होतं. लेखकाने ती गोष्ट कशी सांगितली होती, ते एकाही कार्डावर नव्हतं. एका कार्डावर होतं, ‘लेख १२व्या शतकातला.’ मूळ लेखात काय होतं, ‘आहे’, ‘असावा’, ‘असणे शक्य आहे’ की ‘मानावा लागेल’? चार महिन्यांनी कार्डावरून ते कळणं अशक्य. ती माहितीच हरवलेली असल्यामुळे लिहिताना हात सगळ्यात निरुपद्रवी शब्दाकडे जातो. नवीन भाग लिहिला की ‘नमूद’ परत का येतं, याचं उत्तर त्या कार्डांत आहे. कीबोर्डवर कितीही बदल केला तरी तिथलं मूळ तसंच राहतं.

एका क्रियापदात दोघांची मतं असतात

आढाव्यातलं क्रियापद दोन गोष्टी एकदम सांगतं. मूळ लेखकाने त्या विधानाचं काय केलं, ही पहिली. त्याने पाहिलं, मोजलं, अंदाज केला, आग्रहाने मांडलं, की नाइलाजाने मान्य केलं? आणि ते विधान आपण खरं धरतो का, ही दुसरी. जेफ थॉम्पसन आणि यियुन ये यांनी १९९१ मध्ये इंग्रजी शोधनिबंधांतल्या अशा क्रियापदांवर लिहिताना हीच दोन टोकं वेगळी केली होती: उद्धृत लेखकाची भूमिका आणि उद्धृत करणाऱ्याची भूमिका. उद्धृत करणारा एकतर विधान खरं धरतो, किंवा खोटं धरतो, किंवा तो प्रश्न उघडा ठेवतो. मराठीला ही विभागणी चांगली लागू पडते, पण मराठीचे स्वतःचे काही खाचखळगे आहेत. त्यांच्याकडे येतेच.

पहिली गोष्ट ठरवायला मूळ पान उघडण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरीसाठी मात्र घरबसल्या करता येईल अशी एक चाचणी आहे. वाक्याच्या शेवटी ‘पण ते खरे नाही’ जोडून मोठ्याने वाचायचं.

‘ब यांनी हा लेख पहिला असल्याचा दावा केला आहे, पण ते खरे नाही.’ वाक्य सरळ चालतं. ‘ब यांनी हा लेख पहिला असल्याचे मत मांडले आहे, पण ते खरे नाही.’ हेही चालतं. आता ‘ब यांनी हा लेख पहिला असल्याचे दाखवून दिले आहे, पण ते खरे नाही.’ इथे वाक्य मोडतं. जे खरंच नाही ते दाखवून कसं देणार? ‘सिद्ध केले’, ‘लक्षात आणून दिले’, ‘उघड केले’, ‘मान्य केले’ ही सगळी याच जातीची. यांतलं कुठलंही वापरलं की आपण त्या लेखकाच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. पुढच्या पानावर त्याच्याशी वाद घालायचा असेल, तर तो वाद आपण आधीच हरलेलो असतो.

मधल्या पट्ट्यातली क्रियापदं जास्त काळजीने घ्यावी लागतात. ‘आढळले’ हे त्यातलं एक. ‘क यांना दोन्ही ओळींचे वळण सारखे आढळले’ असं लिहिलं की वळण सारखं आहे हे आपणही मानलं. शिलालेखाचा कागदावर घेतलेला ठसा स्वतः पाहिलेला नसेल आणि जबाबदारी क यांच्याकडेच ठेवायची असेल, तर मराठीत एक छान सोय आहे: ‘दोन्ही ओळींचे वळण सारखे आढळल्याचे क सांगतात.’ आता पाहणं त्यांचं आणि सांगणंही त्यांचं. आपण फक्त पोचवलं, आणि संशयही घेतला नाही. ‘-ल्याचे सांगतात’ ही रचना वर्तमानपत्रांनी वापरून वापरून गुळगुळीत केली आहे, पण आढाव्यात ती फार उपयोगी पडते.

उतारा दुरुस्त करून पाहू

त्या मुलीच्या प्रकरणातला हा मूळ उतारा:

‘गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी “श्रीचावुण्डराजें करवियलें” व “श्रीगंगराजे सुत्ताले करवियलें” अशा दोन मराठी ओळी असल्याचे अ यांनी नमूद केले आहे. हा लेख इ.स. ९८३ चा व मराठीतील पहिला असल्याचे ब यांनी नमूद केले आहे. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे असल्याचे क यांनी नमूद केले आहे. तसेच लेख बाराव्या शतकातील असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० चा लेख आद्य असल्याचे ड यांनी नमूद केले आहे.’

पाच वाक्यं, आणि पाचही एकाच उंचीवर उभी. वाचणाऱ्याला वाटतं की चार जणांनी पाच गोष्टी सांगितल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. खरं तर त्या पाचांत एक वाचन आहे, एक परंपरेने चालत आलेलं मत आहे, एक प्रत्यक्ष पाहणी आहे, एक अनुमान आहे, आणि एक निष्कर्ष त्या अनुमानावर उभा आहे.

पहिलं वाक्य घेऊ. श्रवणबेळगोळच्या त्या ओळी नागरी लिपीत आहेत आणि शेजारी कन्नड व तमिळमध्येही लेख आहेत. दगडावरची अक्षरं लावून अ यांनी पाठ दिला. इथे त्यांची भूमिका वाचकाची आहे, आणि तो पाठ आपल्याला मान्य आहे. ‘अ यांनी पुढील पाठ दिला आहे’ एवढं पुरे. ‘अ यांच्या मते मूर्तीच्या पायाशी दोन ओळी आहेत’ असंही मी काही प्रबंधांत वाचलं आहे. ज्या गोष्टी डोंगर चढून कोणालाही पाहता येतात, त्यांना ‘यांच्या मते’ लावू नये. त्याने दगडच वादग्रस्त होऊन बसतो.

दुसरं वाक्य नाजूक आहे, कारण आपण सगळे शाळेपासून ९८३ हेच साल ऐकत आलो. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने ही मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस करवली. पहिल्या ओळीत त्याचं नाव आहे, म्हणून ओळही त्याच काळातली, असा हा विचार. पण ओळ काय सांगते ते नीट पाहावं. मूर्ती कोणी करवली ते ती सांगते. ओळ कधी कोरली ते सांगत नाही. ब यांनी एक काळ दिला, त्यासाठी एक कारण दिलं, आणि ते कारण आपल्याला अपुरं वाटतं. तेव्हा क्रियापद असं हवं की ब यांचा ठामपणा दिसेल आणि आपली सही मात्र पडणार नाही. ‘ब यांनी प्रतिपादन केले आहे’ इथे बरोबर बसतं. ‘मानले आहे’ही चालेल, पण मूळ पान काढून पाहिलं तर ब यांनी त्यावर दीड पान युक्तिवाद केलेला होता. ज्याने दीड पान खर्च केलं त्याच्यासाठी ‘मानले’ कमी पडतं.

क यांच्या दोन वाक्यांपाशी खरी गंमत आहे, आणि ती दोन्ही ‘नमूद’ने एकाच मापाने मोजली होती. अक्षरवळण सारखं आहे, ही पाहणी. ठसे शेजारी ठेवून कोणीही ती तपासू शकतो. पण लेख बाराव्या शतकातला, हे अनुमान आहे, आणि त्याची साखळी अशी: दुसऱ्या ओळीत गंगराजाने सुत्तालय, म्हणजे मूर्तीभोवतीचा आवार, करवल्याचं आलं आहे, गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, दोन्ही ओळींचं वळण एक, म्हणून दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे गंगराजाच्या काळात कोरल्या गेल्या. साखळी मजबूत आहे. तरी ‘म्हणून’च्या आधीचं आणि नंतरचं एकाच क्रियापदात बांधता येत नाही. पाहणीला ‘निरीक्षण’ द्यायचं आणि अनुमानाला ‘अनुमान’ असंच नाव द्यायचं. मूळ लेखात क यांनी शब्द वापरला होता ‘असाव्यात’. कार्डावर त्याचं ‘आहेत’ झालं होतं.

आता ड. हत्तरसंग-कुडल सोलापूर जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या लेखात शके ९४० असं वर्षच कोरलेलं आहे, म्हणजे इ.स. १०१८, आणि वाचणारा विजयी होईल अशा अर्थाची मराठी ओळ आहे. पण ९८३ हे १०१८ च्या आधी येतं! मग ड त्याला आद्य कसं म्हणतात? श्रवणबेळगोळच्या ओळी बाराव्या शतकातल्या आहेत, हे क यांचं अनुमान स्वीकारलं तरच. ड यांचं विधान क यांच्या विधानाच्या खांद्यावर उभं आहे, आणि मूळ उताऱ्यात त्याचा मागमूस नव्हता. क यांना ‘सिद्ध केले’ दिलं असतं, तर ड आपोआप बरोबर ठरले असते. क यांना ‘दावा केला’ दिलं असतं, तर ड यांच्या पायाखालची जमीन सरकली असती. ‘अनुमान काढले’ दिल्यावर ड यांचं विधान जसं आहे तसं, सशर्त दिसतं.

दुरुस्त उतारा असा झाला:

‘गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी असलेल्या दोन मराठी ओळींचा पाठ अ यांनी दिला आहे. या ओळींत शकवर्ष नमूद नाही. पहिल्या ओळीतील चावुंडरायाच्या नावावरून ब यांनी लेखाचा काळ इ.स. ९८३ असल्याचे आणि तो मराठीतील पहिला लेख असल्याचे प्रतिपादन केले. क यांनी मात्र दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे असल्याचे निरीक्षण मांडले आणि त्यावरून, दुसऱ्या ओळीतील गंगराजाच्या उल्लेखाच्या आधारे, दोन्ही ओळी बाराव्या शतकात कोरल्या गेल्या असाव्यात असे अनुमान काढले. हे अनुमान स्वीकारून ड हत्तरसंग-कुडल येथील लेखाला आद्य मानतात. त्या लेखात शके ९४० हे वर्ष नमूद आहे.’

‘नमूद’ यात दोनदा आलं आहे, आणि दोन्हीकडे ते दगडाबद्दल आहे. शिलालेख, ताम्रपट, कायदा, जनगणनेचा तक्ता यांना मत नसतं. त्यांच्यावर काय आहे आणि काय नाही, एवढंच सांगायचं असतं, आणि त्या कामासाठी याहून चांगला शब्द मराठीत नाही. एखाद्या लेखकाने दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता आपल्या विषयाला नुसता स्पर्श केला असेल, तर ‘ओझरता उल्लेख केला’ म्हणावं. तेही खरं वर्णन आहे.

फसवे शब्द

‘दावा’ सगळ्यात जास्त दुखावतो. इंग्रजी ‘क्लेम्ड’मध्ये अंतर राखलेलं असतं, पण काही विद्याशाखांत ते जवळजवळ तटस्थ चालतं. मराठी ‘दावा’ कोर्टातून आलेला आहे. दावा लावतात, लढवतात, हरतात, आणि निकाल लागेपर्यंत तो नुसता दावाच असतो. म्हणून ‘क्लेम्ड’चं भाषांतर सरसकट ‘दावा केला’ केलं तर मूळ लेखकावर नसलेला संशय येतो. मी एक साधा नियम पाळते: ज्या वाक्यात ‘दावा’ लिहिला, त्याच्या पुढच्याच वाक्यात आपल्याला शंका का आहे ते आलं पाहिजे. पुढचं वाक्य सुचत नसेल, तर ‘मत मांडले’ लिहावं.

‘निरीक्षण’ बिघडलं ते न्यायालयाच्या बातम्यांमुळे. ‘असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले’ हे वाक्य आपण रोज वाचतो, आणि तिथे न्यायालयाने काही डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, अभिप्राय दिलेला असतो. इंग्रजी ‘ऑब्झर्व्ड’चे दोन अर्थ आहेत, पाहिलं आणि बोलता बोलता म्हटलं, आणि दोन्ही अर्थ ‘निरीक्षण’ याच शब्दात ओतले गेले. आढाव्यात फक्त पहिला अर्थ ठेवावा. दुसऱ्यासाठी ‘अभिप्राय दिला’ आहे, साधं ‘म्हटले आहे’ आहे.

‘नोंदवले’ हे ‘नोटेड’ला बरंचसं जुळतं. दोन्हींत ती गोष्ट आहेच असं गृहीत असतं. ‘अमुक यांनी नोंदवले की दुसरी ओळ नंतरची आहे’ असं लिहिलं तर दुसरी ओळ नंतरची आहे असं वाचणारा धरून चालतो. म्हणून वादातल्या गोष्टीला ‘नोंदवले’ लावू नये. नोंद होते ती घडलेल्याची, असलेल्याची.

‘रिपोर्टेड’ला मराठीत एकच शब्द नाही. ‘अहवाल दिला’ हे तर चूकच, अहवाल समित्या देतात. एखाद्या अभ्यासकाने स्वतः काम करून जे हाती लागलं ते मांडलं असेल, तर ‘आढळले’ किंवा ‘आढळल्याचे सांगितले’, आपण कुठे उभे आहोत त्याप्रमाणे. यावर मी त्या मुलीशी बराच वाद घातला. तिला ‘अहवालित केले’ चालेल असं वाटत होतं, कारण एका छापील पुस्तकात तिने ते पाहिलं होतं. मला ते अजूनही चालत नाही.

आणि ‘खंडन’. वर्तमानपत्रात ‘आरोपांचे खंडन केले’ म्हणजे आरोप नाकारले, मग ते खरे असोत की खोटे. शास्त्रार्थात मात्र खंडन केलं म्हणजे समोरच्याचं म्हणणं पाडून दाखवलं. तुमचा वाचक यांतलं कोणतं घेईल ते तुमच्या हातात राहत नाही. म्हणून विरोध नुसता नोंदवायचा असेल तर ‘आक्षेप घेतला’ किंवा ‘हे मत नाकारले’, आणि विरोध यशस्वी झाला असं तुम्हालाही वाटत असेल तर ‘हे मत टिकत नसल्याचे दाखवून दिले’. ‘कबूल केले’ टाळावं. त्याने अभ्यासक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. आपल्या मताला अडचणीचा पुरावा कोणी स्वतःहून मान्य केला असेल, तर ‘मान्य केले’ पुरतं.

इंग्रजीत लिहीत असाल तर

बडोद्यात विज्ञान आणि वाणिज्याचे जवळपास सगळे प्रबंध इंग्रजीतच असतात, आणि तिथेही ‘मेन्शन्ड’ची हीच गत. दोन्ही प्रश्न तेच, चाचणीही तीच. ‘बट धिस इज नॉट ट्रू’ जोडून वाचा. ‘शोड’ आणि ‘डेमॉन्स्ट्रेटेड’ मोडतात. ‘आर्ग्यूड’, ‘सजेस्टेड’, ‘क्लेम्ड’ चालतात. केन हायलंड यांनी १९९९ मध्ये वेगवेगळ्या विद्याशाखांतले लेख तपासले, तेव्हा विज्ञान-अभियांत्रिकीत शोधल्या-पाहिल्याची क्रियापदं आणि मानव्यविद्यांत युक्तिवादाची क्रियापदं जास्त असल्याचं त्यांना आढळलं. म्हणून रसायनशास्त्राच्या आढाव्यात प्रत्येक प्रयोगाला ‘आर्ग्यूड’ लावणं कानाला खटकतं. तिथे मोजमापाला ‘रिपोर्टेड’ किंवा ‘फाउंड’ आणि त्या मोजमापाच्या अर्थाला ‘सजेस्टेड’, असं एकाच वाक्यात दोन क्रियापदं ठेवून बघा. क यांच्या बाबतीत आपण तेच केलं.

प्रत्यक्ष दुरुस्ती कशी करायची

सगळं एका बैठकीत बदलायला जाऊ नये. वर्डमध्ये `Ctrl+F` दाबून शोधाच्या रकान्यात `नमूद के` एवढंच टाकावं. त्यात केले, केला, केली, केल्याप्रमाणे सगळं सापडतं. मग `उल्लेख के` वेगळं शोधावं. इंग्रजीसाठी `mention` टाकलं की त्याची सगळी रूपं येतात. ‘Replace All’ला हात लावायचा नाही. सापडलेल्या प्रत्येक जागेला पिवळा रंग द्यायचा आणि बंद करायचं.

दुसऱ्या दिवशी मूळ संदर्भ जवळ घेऊन बसायचं. प्रत्येक पिवळ्या जागेचं मूळ पान उघडून लेखकाचे स्वतःचे शब्द शोधायचे: असावे, दिसते, निःसंशय, संभवते, मानावे लागेल, आम्हांस वाटते. ते जसेच्या तसे समासात लिहायचे. क्रियापद त्यानंतर. अडतीस जागांना त्या मुलीला तीन संध्याकाळ लागल्या. सात ठिकाणी मूळ पानावर वेगळंच काही निघालं: दोन विधानं त्या लेखकांची नव्हतीच, त्यांनी दुसऱ्या कोणाचं मत सांगून ते नाकारलं होतं. ‘नमूद केले’खाली ते झाकलं गेलं होतं. हे मी वारंवार पाहिलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक हीच. लेखकाने जे नाकारलं तेच त्याच्या नावावर जमा होतं.

मूळ संदर्भ पुन्हा मिळण्यासारखा नसेल, ग्रंथालयातून पुस्तक गहाळ असेल, तर कार्डावरच्या आठवणीवरून जोरदार क्रियापद देऊ नये. ‘म्हटले आहे’ लिहावं. ते कुणावर अन्याय करत नाही. आणि जिथे एकाच लेखकाची तीन-चार विधानं ओळीने येतात, तिथे प्रत्येकाला क्रियापद लावायची गरजही नसते. एकदा ‘क यांचा युक्तिवाद असा:’ म्हणून पुढची वाक्यं सरळ लिहून टाकावीत.

परत येऊ नये म्हणून कार्डावर एकच नवा रकाना वाढवायचा. तिने उजव्या कोपऱ्यात एक अक्षर लिहायला सुरुवात केली आहे: ‘पा’ म्हणजे पाहिलं किंवा मोजलं, ‘अ’ म्हणजे अनुमान, ‘यु’ म्हणजे कारणं देऊन मांडलं, ‘ना’ म्हणजे दुसऱ्याचं मत देऊन नाकारलं, ‘ओ’ म्हणजे ओझरतं. खाली लेखकाचा नेमका शब्द अवतरणात. स्वतःला पटलं की नाही, ते कार्डावर लिहायचं नाही असं मी तिला सांगितलं आहे. वाचन पुढे जाईल तसं ते बदलतं, आणि ते प्रकरण लिहितानाच ठरावं.

पुढचं प्रकरण ताम्रपटांवर आहे, दिवेआगरपासून सुरुवात. परवा त्याची पहिली सहा कार्डं घेऊन ती आली होती. पाचांवर ‘पा’ आणि ‘यु’ होतं. सहावं कोरं होतं, आणि त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं, ‘मूळ पान परत बघणे.’